धागा : जेंटामायसिनच्या दोन डोसांमधले अंतर ठरवताना कोणते वय धरायचे?

अश्विनी_निवासी

नवजात अतिदक्षता कक्षात माझा हा दुसरा महिना आहे. परवा माझ्या हातून लिहिल्या गेलेल्या एका मात्रेबद्दल मला नीट समजून घ्यायचे आहे, म्हणून सर्व तपशील देते.

बाळ २८ आठवडे पूर्ण होताच जन्मले, जन्मवजन १०५० ग्रॅम. औषध सुरू केले तेव्हा ते १६ दिवसांचे आणि ११०० ग्रॅम वजनाचे होते. परवा रात्री त्याचा श्वास वारंवार थांबू लागला, आधीचे दूध पोटात तसेच राहू लागले आणि रक्तातले संसर्गाची शंका दाखवणारे सीआरपी वाढले. रक्ताचे कल्चर पाठवले, पाठीतले पाणी काढले आणि आमच्या कक्षाच्या पद्धतीप्रमाणे अँपिसिलिन व जेंटामायसिन ही प्रतिजैविके सुरू केली. अँपिसिलिन दर १२ तासांनी ८२.५ मिग्रॅ, म्हणजे किलोमागे ७५ मिग्रॅ. जेंटामायसिन किलोमागे ५ मिग्रॅ, म्हणजे ५.५ मिग्रॅ, दर २४ तासांनी. कल्चरमध्ये ग्रॅम-निगेटिव्ह दंडाणू वाढल्याचे विसाव्या तासाला कळले, त्यामुळे जेंटामायसिन पुढे चालू ठेवणे भागच होते.

तिसऱ्या डोसाच्या आधी घेतलेल्या रक्तात जेंटामायसिनची पातळी प्रति मिलिलिटर २.२ मायक्रोग्रॅम आली. आमच्याकडे ती १ च्या खाली हवी असते. सिस्टरांनी डोस थांबवला आणि मला फोन केला. बाळाला लघवी चांगली होते आहे आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन ०.७ आहे.

अंतर मी असे ठरवले होते : २८ आठवडे अधिक १६ दिवस म्हणजे ३० आठवडे २ दिवस. तक्त्यात ३० ते ३४ आठवड्यांच्या ओळीत, दहा दिवसांहून मोठ्या बाळाला २४ तास लिहिलेले आहेत. हिशेबात चूक कुठे झाली? की या बाळाचे मूत्रपिंडच मंद चालते आहे?

वसंतराव

डॉक्टर, मी बत्तीस वर्षे बालरोगाचे काम करतो. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाचे मूत्रपिंड कच्चे असते, त्यामुळे औषध साचणारच. तुम्ही पातळी पाहून थांबलात, हे उत्तम केलेत.

मात्र अंतराच्या या खटाटोपाची गरज मला कधी वाटली नाही. आम्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेप्रमाणे वजन पाहतो. पहिल्या आठवड्यात कमी वजनाच्या बाळाला किलोमागे ३ मिग्रॅ, नेहमीच्या वजनाच्या बाळाला ५ मिग्रॅ, आणि दुसऱ्या आठवड्यापासून ७.५ मिग्रॅ, सगळे दिवसातून एकदा. तुमच्या बाळाची पातळी वाढली असेल तर मात्रा ३ मिग्रॅवर आणा आणि २४ तास तसेच ठेवा. सिस्टरांचाही गोंधळ होणार नाही.

मंदाकिनी

अश्विनी, तुमची बेरीज बरोबर आहे. ती ज्या तक्त्यात नेऊन वाचलीत तो तक्ता वेगळा आहे. ही चूक मी अनेक कक्षांत पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाळाला तीन वये असतात. जन्माच्या वेळचे गर्भवय, जे पुढे कधीच बदलत नाही. जन्मानंतरचे वय, जे दिवसांत मोजतात. आणि या दोहोंची बेरीज, जिला आपण कक्षात पीएमए म्हणतो. तुम्ही सांगितलेला तक्ता, किलोमागे ५ मिग्रॅ आणि ३० ते ३४ आठवड्यांच्या ओळीत दहा दिवसांची सीमा असलेला, हा अमेरिकन बालरोग अकादमीच्या धाटणीचा आहे. त्याच्या उभ्या बाजूला गर्भवय आहे, बेरीज नाही. जन्मानंतरचे दिवस त्यात वेगळ्या रकान्यात आधीच मोजलेले आहेत. तुम्ही ते १६ दिवस एकदा बेरजेत घेतलेत आणि दुसऱ्यांदा रकान्यात घेतलेत. त्यामुळे बाळ कागदावर खऱ्यापेक्षा परिपक्व झाले.

या बाळाचे गर्भवय २८ आठवडे, म्हणून ते ३० आठवड्यांखालच्या ओळीत येते. तिथे १४ दिवसांपर्यंत किलोमागे ५ मिग्रॅ दर ४८ तासांनी आणि १४ दिवसांनंतर तेवढेच दर ३६ तासांनी आहे. तुमच्या बाळासाठी ३६ तास असायला हवे होते.

आता गंमत अशी, की बेरजेवर आधारलेले तक्तेही खरोखरच वापरात आहेत आणि तेही चुकीचे नाहीत. त्यांत पीएमए ३० ते ३४ आठवडे आणि वय आठ दिवसांहून अधिक असेल तर किलोमागे ४ मिग्रॅ दर २४ तासांनी, असे सापडते. म्हणजे एका तक्त्याने ५ मिग्रॅ ३६ तासांनी, दुसऱ्याने ४ मिग्रॅ २४ तासांनी. तुमच्याकडून पहिल्याची मात्रा आणि दुसऱ्याचे अंतर एकत्र आले. ५ मिग्रॅ २४ तासांनी हे या बाळासाठी दोन्हींपैकी कुठल्याच तक्त्यात नाही.

वसंतराव, तुमचे मूत्रपिंडाचे निदान योग्यच आहे. तुमच्या उपायाशी मात्र मी सहमत नाही. कारण जेंटामायसिन जंतू मारते ते वरच्या टोकाच्या पातळीच्या बळावर. मुदतपूर्व बाळाच्या शरीरात पाण्याचा अंश जास्त असतो, त्यामुळे तेच मिलिग्रॅम अधिक पाण्यात पसरतात आणि टोक खाली येते. मात्रा ३ मिग्रॅवर आणली तर टोक अंदाजे ६ पर्यंतच जाईल आणि आपल्याला ८ ते १२ हवे असते. म्हणून मात्रा राखायची आणि अंतर लांबवायचे : पाणी जास्त असल्यामुळे डोस मोठा, गाळणी मंद असल्यामुळे डोस विरळ.

ओवीची_आई

मी डॉक्टर नाही, तरी विचारते, कारण हा धागा वाचून मला धक्का बसला आहे. माझी मुलगी ३२ आठवड्यांची असताना जन्मली आणि पहिल्याच दिवशी तिला ही दोन्ही इंजेक्शने सुरू केली होती. मी रोज वहीत लिहून ठेवायचे. अँपिसिलिन सकाळ-संध्याकाळ मिळायचे. दुसरे इंजेक्शन पहिल्या दिवशी सकाळी मिळाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालेच नाही. मी सिस्टरांशी त्यावरून वाद घातला. त्यांनी संध्याकाळी दिले, पण मला इतके दिवस वाटत होते की माझ्या सांगण्यामुळे उशिरा का होईना दिले. आता मला वाटते की त्यांनी विसरूनच ठेवले होते आणि त्याचा तिच्या कानांवर परिणाम होईल का?

परिचारिका_सुनंदा

ताई, तुमच्या वहीत जे आहे ते अगदी बरोबर वेळापत्रक आहे. ३२ आठवड्यांच्या बाळाला पहिल्या दहा दिवसांत हे औषध दर ३६ तासांनी देतात. पहिल्या दिवशी सकाळी आठला दिले तर पुढचा डोस दुसऱ्या दिवशी रात्री आठला येतो. तुम्ही भांडला नसतात तरी तो संध्याकाळीच मिळाला असता. तेव्हाच कोणीतरी दोन मिनिटे बसून तुम्हाला हे सांगायला हवे होते, तो दोष आमच्याकडच्या माणसांचा.

कानांबद्दल म्हणाल तर डोस उशिरा मिळाल्याने कानाला इजा होत नाही. औषध साचत राहिले किंवा फार दिवस चालले तर धोका वाढतो. अतिदक्षता कक्षातून घरी जाणाऱ्या बाळाची श्रवणचाचणी करतात, ती झाली होती का ते एकदा घरच्या कागदांत पाहा.

या निमित्ताने डॉक्टरांनाही सांगते. '३६ तासांनी' एवढेच लिहून चार्ट आमच्याकडे येतो, तेव्हा गडबड होते. पाळी बदलते, रात्रीच्या सिस्टरला तारीख मोजावी लागते, आणि थकलेल्या माणसाचा हात सवयीने २४ वर जातो. पुढच्या डोसाची तारीख आणि वेळ दोन्ही लिहा. आमच्या कक्षात आता प्रत्येक डोस देताना त्याखाली लगेच पुढची वेळ लिहिली जाते आणि दुसरी सिस्टर त्यावर सही करते.

औषधपाल

मी रुग्णालयातील औषधनिर्माता आहे. मंदाकिनीताईंनी वय समजावलेच आहे. मी फक्त २.२ या आकड्याकडे पाहतो.

एका पातळीवरून बाळाची गाळणी किती वेगाने चालते हे कळत नाही, कारण उतरणीचा वेग काढायला दोन बिंदू लागतात. अश्विनी, तिसरा डोस थांबवला आहेच, तर आता पहिल्या नमुन्यानंतर साधारण १० तासांनी दुसरा नमुना घ्या. ज्या नळीतून जेंटामायसिन दिले तिच्यातून रक्त काढू नका. नळीच्या भिंतीला राहिलेले थोडे औषधही पातळी फुगवते. आणि पहिला नमुना नेमका किती वाजता घेतला, दुसरा डोस कधी संपला, हेही कळवा. चार्टवर लिहिलेली वेळ आणि खरी वेळ यांत तासाचा फरक असणे अगदी नेहमीचे आहे.

आणखी एक. अँपिसिलिन आणि जेंटामायसिन एकाच नळीत, मध्ये सलाइनने न धुता, दिले होते का? पेनिसिलिन गटाची औषधे जेंटामायसिनला निष्क्रिय करतात. नमुना प्रयोगशाळेत तासन्‌तास पडून राहिला तरी हेच घडते आणि पातळी खऱ्यापेक्षा कमी दिसते. तुमच्याकडे ती जास्त आली आहे, म्हणजे ही चूक येथे नाही, पण कमी आलेल्या पातळीवर विश्वास ठेवण्याआधी हे नेहमी विचारावे.

अश्विनी_निवासी

आपले सर्वांचे आभार. दुसरा डोस संपल्यापासून पहिला नमुना बरोबर २४ तासांनी, पायाच्या वेगळ्या शिरेतून घेतला होता. मधे नळी धुतली होती. दुसरा नमुना त्यानंतर १० तासांनी घेतला, त्याची पातळी १.१ आली आहे.

पाठीतले पाणी स्वच्छ आले. जंतू ई. कोलाय असल्याचे प्रयोगशाळेने कळवले आहे, औषधसंवेदनशीलतेचा निकाल अजून यायचा आहे.

औषधपाल

मग हिशेब सोपा झाला. १० तासांत २.२ वरून १.१, म्हणजे निम्मे. या बाळात जेंटामायसिनचा अर्धायुकाल १० तासांचा आहे. मुदतीच्या बाळात तो साधारण निम्म्याच्या आसपास असतो, त्यामुळे मूत्रपिंड बिघडले असे समजायला कारण नाही. २८ आठवड्यांच्या बाळाचे १६ व्या दिवशीचे मूत्रपिंड असेच चालते.

उलट दिशेनेही ताडून पाहू. बाळाचे वजन १.१ किलो, किलोमागे अर्धा लिटर पाण्यात औषध पसरते असे धरले तर ०.५५ लिटर. ५.५ मिग्रॅ त्यात टाकले की टोक १० येते. अर्धायुकाल १० तासांचा असेल तर २४ तासांनी त्यातले १९ टक्के उरते, म्हणजे १.९. दुसऱ्या डोसानंतर टोक जवळपास १२, आणि पुढच्या २४ तासांनी २.२ ते २.३. तुमची प्रयोगशाळा २.२ सांगते. हिशेब आणि बाळ एकमेकांशी जुळतात, म्हणून हा आकडा खोटा नाही.

हाच डोस ३६ तासांनी दिला असता तर सुमारे ८ टक्के उरले असते आणि पातळी ०.९ च्या आसपास स्थिरावली असती. तक्ता जे सांगतो तेच या बाळाचे रक्त सांगते आहे. आता दुसऱ्या डोसापासून ३४ तास झाले आहेत, आणखी दोन तासांनी पातळी १ च्या खाली येईल. तेव्हा ५.५ मिग्रॅच द्या, मात्रा कमी करू नका, आणि तिथून ३६ तास मोजा.

वसंतराव

टोकाच्या पातळीचा मुद्दा मला मान्य आहे, आणि बाळाला वेळेत सांभाळले गेले याचा आनंद आहे. पण मी सांगितलेली पद्धत चुकीची ठरवली जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. ती जिथे रक्तपातळी मोजता येत नाही, गर्भवय नीट माहीत नसते, बाळ आणणाऱ्याला पाळीची तारीख सांगता येत नाही, अशा ठिकाणांसाठी आहे. तिथे वजनकाटा हेच एकमेव खात्रीचे साधन असते. दिवसातून एकदा, वजनानुसार, सात दिवस. एवढे सोपे ठेवल्यामुळेच ते पाळले जाते.

मंदाकिनी

वसंतराव, यात माझा वाद नाही. तिथे ती पद्धत योग्य आहे आणि अनेक बाळे तिच्यामुळे वाचतात. तुमच्या पद्धतीतही पहिल्या आठवड्यात लहान बाळाची मात्रा कमी आहे, ती याच कारणाने. माझा आक्षेप एवढाच, की एका पद्धतीतला आकडा उचलून दुसऱ्या पद्धतीच्या अंतरावर बसवू नये. ७.५ मिग्रॅ दर २४ तासांनी हे आजच्या या ११०० ग्रॅमच्या बाळाला दिले असते तर पहिलाच डोस १५ च्या टोकापर्यंत गेला असता आणि २४ तासांनी ३ च्या जवळ पातळी राहिली असती.

ब्रिटनमधील नाइस संस्थेचे मार्गदर्शन तर आणखी वेगळे आहे. तिथे लवकर सुरू होणाऱ्या संसर्गासाठी अँपिसिलिनऐवजी बेंझिलपेनिसिलिन वापरतात आणि जेंटामायसिन सर्वच बाळांना किलोमागे ५ मिग्रॅ दर ३६ तासांनी सुरू करतात. पुढचे अंतर बाळाची पातळी पाहून बदलतात. म्हणजे सुरुवात सर्वांची सारखी, अंतर नंतर बाळाच्या रक्तावरून. मला व्यक्तिशः ही रचना आवडते, पण २५ आठवड्यांच्या बाळाला पहिल्या दिवशी ३६ तास पुरतील का, याबद्दल माझ्या मनात शंका कायम आहे.

तन्मय

मी शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी आहे. दोन प्रश्न आहेत. एक, जन्माचा दिवस शून्य मानायचा की एक? सातव्या आणि आठव्या दिवसाच्या सीमेवर त्याने फरक पडतो. दुसरा, अँपिसिलिनही मूत्रपिंडातूनच बाहेर जाते, मग त्याचे अंतर ३६ किंवा ४८ तास का नाही? मला तरी ते साचेल असेच वाटते.

मंदाकिनी

दुसरा प्रश्न चांगला आहे. अँपिसिलिनही लहान बाळात रेंगाळते, म्हणूनच गर्भवय ३४ आठवडे किंवा कमी असलेल्या बाळाला ते १२ तासांनी आणि त्याहून मोठ्याला ८ तासांनी देतात. पण त्याचे काम जेंटामायसिनच्या उलट चालते. पातळी किती उंच गेली याला महत्त्व नाही. जंतूला रोखणाऱ्या पातळीच्या वर ती किती वेळ राहिली याला आहे. डोस ३६ तासांनी दिला तर मधल्या तासांत बाळ उघडे पडेल. त्याची सुरक्षित मर्यादाही बरीच रुंद असते, त्यामुळे थोडे साचले तरी चालते. अगदीच जास्त साचले, विशेषतः मूत्रपिंड खरोखर बंद पडले असताना, तर झटके येऊ शकतात. झपकन शिरेत ढकलल्यावरही येऊ शकतात, म्हणून ते तीन ते पाच मिनिटे घेऊन सावकाश द्यायचे.

आकडे असे : ३४ आठवड्यांपर्यंतच्या बाळाला पहिल्या सात दिवसांत किलोमागे ५० मिग्रॅ दर १२ तासांनी, आठव्या ते अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ७५ मिग्रॅ दर १२ तासांनी. ३४ च्या वरच्या बाळाला ५० मिग्रॅ दर ८ तासांनी. इथेही गर्भवयच पाहायचे, बेरीज नव्हे. अश्विनींनी लिहिलेले ७५ मिग्रॅ १२ तासांनी त्यामुळे बरोबर होते. मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाची शंका असेल तर गणित बदलते आणि मात्रा दिवसाला किलोमागे ३०० मिग्रॅपर्यंत जाते. पहिल्या आठवड्यात ती तीन भागांत, नंतर चार भागांत. पाठीतले पाणी काढणे शक्य झाले नसेल, तर ती शक्यता धरूनच चालावे. जेंटामायसिन मात्र त्या कारणाने वाढवू नये.

दिवस मोजण्याबद्दल माझ्याकडे एकच उत्तर नाही. आमच्या कक्षात जन्माचा दिवस शून्य धरतात, शेजारच्या कक्षात एक. आम्ही सीमेवरच्या दिवशी पुढच्या रकान्यात घाईने जात नाही. बाळ आजारी असेल, लघवी कमी असेल, तर एक दिवस थांबतो.

परिचारिका_सुनंदा

मात्रेच्या कागदी हिशेबाइतकीच सिरिंजमधली चूक महत्त्वाची आहे, म्हणून लिहिते. आमच्याकडे जेंटामायसिनचे व्हायल प्रति मिलिलिटर ४० मिग्रॅचे येते. ५.५ मिग्रॅ त्यातून थेट काढायचे म्हटले तर ०.१४ मिली येते, आणि एवढे बारीक माप कोणत्याही सिरिंजमध्ये खात्रीने येत नाही. सुईच्या बुडाशी अडकलेले औषधसुद्धा त्यात मोठा हिस्सा ठरते. म्हणून आम्ही १ मिली औषधात ३ मिली सलाइन मिसळतो. त्यातून प्रति मिलिलिटर १० मिग्रॅचे द्रावण होते आणि ५.५ मिग्रॅ म्हणजे ०.५५ मिली येते. मग ते आणखी पातळ करून अर्ध्या तासात सिरिंज पंपाने देतो.

एकदा एका सिस्टरने ०.५५ मिली हा आकडा वाचून पातळ न केलेल्या व्हायलमधूनच काढले. त्यात २२ मिग्रॅ होते, म्हणजे चौपट. दुसरी सिस्टर तपासायला उभी होती म्हणून ते बाळापर्यंत पोचले नाही. तेव्हापासून आमच्या चार्टवर मिलिग्रॅम, द्रावणाची ताकद आणि मिलिलिटर, हे तीनही लिहिलेले नसतील तर औषध भरले जात नाही.

आणखी एक अडचण अशी, की पंप फार हळू चालत असेल तर औषध लांब नळीतच अडकून राहते. पंप अर्ध्या तासात थांबला, तरी बाळाला औषध तासाभराने मिळालेले असते. म्हणून नंतर त्याच गतीने सलाइन सोडायचे आणि डोस संपल्याची वेळ ते सलाइन संपल्यावर लिहायची. वरच्या टोकाची पातळी घेताना हे विसरले की ती कमी येते आणि कोणीतरी डोस उगीच वाढवतो.

ओवीची_आई

सुनंदाताई, कागद शोधले. श्रवणचाचणीचा निकाल दोन्ही कानांसाठी समाधानकारक लिहिलेला आहे. मन हलके झाले. माझ्या मावशीला तरुणपणी टीबीच्या इंजेक्शनांनंतर ऐकू येणे बंद झाले होते, तेही डॉक्टरांना सांगायला हवे होते का?

मंदाकिनी

हो, अवश्य सांगा, आणि हे तुम्ही लिहिलेत ते फार बरे झाले. मावशी सख्खी आहे ना, म्हणजे तुमच्या आईचीच बहीण? काही कुटुंबांत आईकडून येणारा एक जनुकीय बदल असतो. तो असलेल्या माणसाला या गटाच्या औषधाच्या योग्य मात्रेनेही कायमचे बहिरेपण येऊ शकते. तिथे पातळी कितीही काटेकोर ठेवली तरी उपयोग होत नाही. तुमच्या मावशीला जे इंजेक्शन दिले ते स्ट्रेप्टोमायसिन असेल तर ते याच कुळातले आहे. ओवीची चाचणी ठीक आली आहे, तरी कानांच्या डॉक्टरांना हा इतिहास द्या, आणि पुढे कुठेही तिला या गटाचे औषध द्यायची वेळ आली तर आधी सांगा. आम्ही प्रत्येक आईला हा प्रश्न विचारायला हवा, आणि प्रामाणिकपणे सांगते, घाईच्या रात्री तो विचारला जात नाही.

अश्विनी_निवासी

तिसरा डोस दुसऱ्यानंतर ३६ तासांनी दिला. त्यानंतर ३६ तासांनी, चौथा द्यायच्या आधी, पातळी ०.९ आली. लघवी आणि क्रिएटिनिन दोन्ही स्थिर आहेत.

संवेदनशीलतेचा निकालही आज आला : जंतू अँपिसिलिन आणि जेंटामायसिन दोन्हींना संवेदनशील आहे. पुन्हा पाठवलेले कल्चर स्वच्छ आहे. त्यामुळे वरिष्ठांनी जेंटामायसिन थांबवून फक्त अँपिसिलिनने दहा दिवस पूर्ण करायचे ठरवले. ते संपेपर्यंत बाळ २८ दिवसांच्या आतच राहील, म्हणून मात्रा ७५ मिग्रॅ दर १२ तासांनी तशीच राहते; फक्त वजन वाढेल तसे मिलिग्रॅम बदलायचे आहेत.

भिंतीवरचा आमचा तक्ता काढून पाहिला. त्यात डावीकडच्या रकान्यावर फक्त 'आठवडे' असे लिहिलेले होते, गर्भवय की बेरीज याचा उल्लेखच नव्हता. आता तिथे 'जन्माच्या वेळचे गर्भवय, आजचे नव्हे' असे लिहून घेतले आहे.

एक प्रश्न मात्र उरतो. जन्मानंतर पहिल्या दिवशी सुरू केलेल्या २८ आठवड्यांच्या बाळाला ४८ तासांनी दुसरा डोस येतो आणि बहुतेक वेळा तोपर्यंत कल्चर स्वच्छ असल्याचे कळलेले असते. मग अशा बाळाला जेंटामायसिनचा एकच डोस मिळतो. तिथे पातळी घ्यायची गरज असते का?

मंदाकिनी

आम्ही घेत नाही. औषध ३६ ते ४८ तासांत थांबणार असेल तर रक्ताचे ते थेंब बाळाकडेच राहू द्यावेत. अपवाद दोन : जन्मताना गुदमरलेले बाळ आणि जोडीला इंडोमेथासिन किंवा आयबुप्रोफेन चालू असलेले बाळ. या दोघांत पहिल्या डोसानंतरही औषध कितीतरी तास रेंगाळते, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतले क्रिएटिनिन तर आईचेच असते, त्यावरून काही कळत नाही. त्यांना दुसरा डोस देण्याआधी पातळी पाहूनच देतो.

औषधपाल

गुदमरलेल्या बाळाला थंड ठेवण्याचा उपचार चालू असेल तर तो तिसरा अपवाद माना. मुदतीचे बाळ असूनही तिथे आम्ही २४ ऐवजी ३६ तासांनी सुरुवात करतो. बाळ पुन्हा ऊब घेऊ लागल्यावर गाळणी किती लवकर सुधारते, हे बाळागणिक इतके वेगळे दिसले आहे की त्यासाठी माझ्याजवळ ठरावीक आकडा नाही. पातळी घेऊनच अंतर कमी करतो.